आधी दुरुस्ती की आधी सही? भाडेकरार वाढवताना रंगकामाची अट कशी घालावी

करार संपत आला की घरमालकाचा फोन येतो, "पुढे चालू ठेवायचं ना?" भाडेकरूला चालू ठेवायचंच असतं. पण बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघालेले असतात, खिडकीचं सरकतं तावदान पूर्ण बसत नाही आणि रंग कधी लावला होता ते कोणालाच आठवत नसतं. मग भाडेकरू म्हणतो, "रंग आणि राहिलेली दुरुस्ती करून देणार असाल तर राहतो." मालक म्हणतो, "अहो, करून देतो की. सही तर करा." सही होते, आणि पोपडे पुढच्या करारापर्यंत तसेच राहतात.

यात दरवेळी मालकाची नियत खोटी असते असं नाही. सही झाली की त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला असतो. काम कधी करायचं याची तारीख कुठेच लिहिलेली नसते, आणि न केल्यास त्याचं काहीच बिघडत नाही. भाडेकरूने अट घातली असं आपण म्हणतो खरं, पण ती अट अशी बांधलेलीच नसते की ती मोडली तर कोणाला तरी झळ बसेल. ती बांधायची कशी, आणि मुळात किती आधी बोलायला सुरुवात करायची, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे.

अट दोन प्रकारची असते

"दुरुस्ती केलीत तर करार वाढवतो" या वाक्याचे दोन वेगळे अर्थ निघतात. पहिल्या अर्थाने दुरुस्ती ही पूर्वअट आहे. काम पूर्ण झाल्याशिवाय नवा करार सुरूच होत नाही. दुसऱ्या अर्थाने ती कबुली आहे. करार सुरू होतो, मालक अमुक काम करायचं मान्य करतो, आणि ते केलं नाही तर त्याने शब्द मोडला असं होतं.

ऐकायला पूर्वअट जास्त भक्कम वाटते. पण तिचा एक तोटा लगेच लक्षात येत नाही. समजा जुना करार संपला आणि त्या दिवशी चारपैकी तीन कामं झालेली आहेत, एक बाकी आहे. मग नवा करार सुरू झाला की नाही? काटेकोर वाचलं तर नाही झाला. म्हणजे तुम्ही कराराशिवाय घरात राहताय, आणि मालकाला उद्या दुसरा, जास्त भाडं देणारा भाडेकरू मिळाला तर तुमच्याकडे दाखवायला कागद नाही. तुमच्या भल्यासाठी घातलेली अट तुमच्याच अंगावर आली.

नुसत्या कबुलीचा तोटा उलटा. कागदावर "मालक घराला रंग लावून देतील" एवढंच असेल तर कधी, कुठे, किती हात आणि न लावल्यास काय, यातलं काहीच ठरत नाही. भांडायचं म्हटलं तरी कशाच्या जोरावर भांडणार?

म्हणून व्यवहारात चालते ती मधली वाट. करार ठरल्या दिवशी सुरू होतो. कामांची यादी त्याला जोडलेली असते आणि प्रत्येक कामापुढे तारीख असते. काम होईपर्यंत एखादी गोष्ट अडकून राहते, बहुतेक वेळा भाडेवाढ. यादीतली कामं पूर्ण होईपर्यंत जुनंच भाडं, आणि पूर्ण झाल्यावर पुढच्या महिन्यापासून नवं. अशाने मालकाला काम लवकर उरकण्यात स्वतःचा फायदा दिसतो, आणि तुमचं राहणंही टांगणीला लागत नाही.

त्याआधी जुना करार काढून एक कलम शोधा

काही करारांत लिहिलेलं असतं की मुदत संपण्याआधी इतके दिवस लेखी कळवलं तर भाडेकरूला अमुक काळासाठी, अमुक भाड्याने मुदत वाढवून मिळेल. हा नूतनीकरणाचा हक्क. असं कलम असेल तर मालकाची वेगळी परवानगी लागत नाही, तुम्ही वेळेत कळवलं की पुरतं.

इथेच मोठी चूक होते. हा हक्क वापरतो असं कळवतानाच त्याच पत्रात "पण रंग लावून दिलात तरच" असं जोडलं, तर हक्क वापरला असं न मानता तुम्ही नवा प्रस्ताव मांडला असं धरलं जाऊ शकतं. मालक तो प्रस्ताव नाकारू शकतो, आणि तोवर कळवण्याची मुदत टळून गेली असेल तर मूळ हक्कही हातचा जातो. गाडीत आपल्या नावाची राखीव जागा आहे, ती घ्यायची सोडून "खिडकीची मिळाली तरच बसेन" म्हणत दारात उभं राहण्यासारखं आहे हे. गाडी सुटली की राखीव जागेचाही उपयोग नाही.

तेव्हा असा हक्क असेल तर दोन वेगळी पत्रं लिहा. पहिल्यात मुदत वाढवत असल्याचं विनाअट कळवा. दुसऱ्यात राहिलेल्या दुरुस्त्या मागा. या दुरुस्त्या मालकाने मूळ कराराप्रमाणेच करायच्या असतील तर त्यासाठी नवी अट घालायची गरजही नसते.

असं कलम नसेल, आणि पुष्कळ साध्या घरभाड्याच्या करारांत ते नसतंच, तर मुदतवाढ म्हणजे नवा सौदा. तिथे अट घालायला तुम्ही मोकळे, आणि नाही म्हणायला मालक मोकळा. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

देणं काय आणि मागणं काय

यादी करायला बसलं की सगळं एकाच ओळीत येतं: गळती, रंग, खिडकी, स्वयंपाकघरात एक जादा कपाट. ही यादी दोन भागांत फोडली नाही तर बोलणी बिघडतात.

एका भागात मालकाचं देणं असलेली कामं येतात. भिंतीतली गळती, उघडी पडलेली वीजजोडणी, न लागणारा दरवाजा. घर राहण्यायोग्य ठेवण्यासाठी ही कामं करावीच लागतात, तुम्ही पुढे राहा किंवा नका राहू. ती "करार वाढवतो, त्या बदल्यात करून द्या" अशा भाषेत मागितली की तुम्ही स्वतःच ती सौद्यावर ठेवता. मालकही मग म्हणतो, "गळती काढून देतो, रंगाचं सोडा." जे मिळायलाच हवं होतं त्यासाठी तुम्ही रंग सोडून दिलेला असतो.

दुसऱ्या भागात खरोखर मागणं असलेल्या गोष्टी येतात. नुसता जुना, मळका झालेला पण धड असलेला रंग बदलून मागणं हे सहसा यात मोडतं. करारात किंवा तिथल्या कायद्यात रंगाची ठरावीक मुदत दिली असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर रंगकाम हा घासाघिशीचा विषय आहे, आणि तो तसाच मांडलेला बरा. तिसराही एक छोटा गठ्ठा निघतो: तुमच्या वापरातून मोडलेलं. तुटलेली टॉवेलची दांडी, भिंतीला पाडलेली भोकं. ती यादीत घुसडू नका. ती स्वतः दुरुस्त करून मगच यादी पाठवली की बाकीच्या यादीचं वजन वाढतं.

रंग कधीकधी दोन्ही भागांत बसतो. पोपडे ओलीमुळे निघाले असतील तर तो रंगाचा प्रश्न नाही, गळतीचा आहे. तिथे गळती काढणं देणं, आणि गळतीने खराब झालेली भिंत पूर्ववत करणं हाही त्याच देण्याचा भाग. म्हणून पोपडे कशाने निघाले हे आधी कळलं पाहिजे.

ओल कुठून येते हे पत्र लिहिण्याआधी बघा

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. दोन बेडरूमचं घर, करार ३१ मे रोजी संपतो. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर जमिनीपासून अर्धा मीटर उंचीपर्यंत रंग फुगलाय, हात लावला की गिलाव्याची भुकटी पडते आणि कडेला पांढरे क्षार फुललेत. शिवाय एका खिडकीचं तावदान बसत नाही आणि बाकीच्या घराचा रंग मळलाय.

मालक बहुतेक म्हणेल, "खिडक्या बंद ठेवता, हवा खेळत नाही, म्हणून ओल येते." ही शंका अगदीच वावगी नाही, कारण हवेतली वाफ थंड भिंतीवर जमूनही डाग पडतात. पण दोन्हींतला फरक घरच्या घरी कळतो. साधारण ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. पोपडे खरवडून जिथे पट्टी धरेल अशा जागी लावा, आणि एक रात्र तसाच राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल हवेतली. याचे फोटो काढून ठेवा, वाद तिथेच मिटतो.

पाणी भिंतीत आहे हे कळल्यावर ते कुठून येतं ते बघायचं. घरातले सगळे नळ बंद करून, टाकी भरत नाही याची खात्री करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर दाबाखालची पाइपलाइन कुठेतरी गळतेय. मीटर जागचा हलला नसेल तर जास्त संशय बाथरूमच्या जमिनीवर किंवा सांडपाण्याच्या जोडावर. मग जमिनीची जाळी कापडाने आणि प्लास्टिकने घट्ट बुजवून दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, कडेला पेन्सिलने पातळीची खूण करा आणि २४ तास बाथरूम वापरू नका. पाणी उंबरठ्याखालीच राहील एवढं बघा. पातळी थोडी बाष्पीभवनाने उतरते, पण बोटभर उतरली आणि पलीकडची भिंत आणखी ओली झाली, तर टाइल्सच्या सांध्यांतून किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमधून पाणी झिरपतंय. पातळी टिकली, मात्र बोळा काढून पाणी सोडल्यावर भिंत भिजली, तर दोष निचऱ्याच्या पाइपात किंवा त्याच्या जोडात. खाली दुसऱ्याचं घर असेल तर ही परीक्षा त्यांना सांगूनच करा.

एवढं का करायचं? कारण "भिंतीला ओल आहे, दुरुस्त करा" असं लिहिलं की गवंडी येतो, भुकटी खरवडतो, नवा गिलावा मारतो, त्यावर रंग चढतो आणि काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा फुगवटा येतो. तोवर नव्या करारावर सही झालेली असते. कागदावर काम झालं, भिंत मात्र तशीच. पत्रात "बाथरूमच्या जमिनीतून झिरपणारं पाणी बंद करणे" असं लिहिलं तर नुसता गिलावा मारून ते काम पूर्ण झालं असं कोणाला म्हणता येत नाही.

तारखा उलट्या मोजा

भाडेकरू बहुतेक महिनाभर आधी बोलायला जातात. एवढ्या वेळात रंग होईल, ओली भिंत धड होणार नाही. आपल्या उदाहरणात ३१ मेपासून मागे येत हिशोब मांडू.

शेवटचा आठवडा, २४ ते ३१ मे, दोघांनी मिळून पाहणी करायला आणि राहिलेलं किरकोळ उरकायला ठेवा. माणसं राहत असलेल्या दोन बेडरूमच्या घराचा रंग एकेक खोली रिकामी करत करायचा तर दहा-बारा दिवस जातात, म्हणजे रंगारी १२ मेच्या सुमारास आला पाहिजे. त्याआधी नव्या सिमेंटच्या गिलाव्याला सुकायला चार आठवडे द्यायचे, म्हणून गिलावा १४ एप्रिलपर्यंत व्हायला हवा. गळती बंद झाल्यावर आणि सैल गिलावा विटेपर्यंत खरवडल्यावर उघडी भिंत वाळायला किमान तीन आठवडे. जाड, मुरलेली भिंत याहून बराच जास्त वेळ घेते. म्हणजे गळती २४ मार्चच्या आत बंद. गळती शोधून ती काढायला दहा दिवस धरले तर काम १४ मार्चला सुरू. आणि मालकाला विचार करायला, तुम्हाला घासाघीस करायला दोन आठवडे. पत्र १ मार्चला गेलं पाहिजे, करार संपण्याच्या तीन महिने आधी.

या हिशोबाला आणखी एक तारीख जोडायची राहिली. घर सोडायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं असं करारात आहे? एक महिना असेल तर ती तारीख ३० एप्रिल. मालक काम करणार की नाही याचा अंदाज तुम्हाला ३० एप्रिलच्या आधी यायला हवा, नाही तर "नाही केलं तर सोडतो" या म्हणण्याला अर्थ राहत नाही. वरच्या हिशोबात गळतीची तारीख २४ मार्च आणि गिलाव्याची १४ एप्रिल आहे, म्हणजे दोन टप्पे निर्णयाच्या दिवसाआधीच दिसतात. ते चुकले तर नवं घर शोधायला तुमच्या हातात महिना-दीड महिना उरतो.

आणि उशीर झालाच असेल तर? ओली भिंत वगळून बाकी घर रंगवून घ्या. त्या एका भिंतीसाठी करारात वेगळी तारीख लिहा आणि तोवर ती उघडी राहू द्या. दिसायला वाईट दिसेल, पण ओलीवर घाईने चढवलेल्या रंगापेक्षा ते परवडतं. मालक स्वतःहून "चला, रंग मारूनच टाकू" म्हणाला तरी त्या भिंतीपुरतं थांबवा. इथे बरेच जण हुरळतात.

पत्रात काय लिहावं

फोनवर बोलणं झालं तरी कागद हवाच. भाषा साधी ठेवा, तक्रारीचा सूर नको. आपल्या उदाहरणातलं पत्र साधारण असं होईल:

> सप्रेम नमस्कार. आपल्या घराचा भाडेकरार ३१ मे रोजी संपत आहे. आम्हाला इथे पुढे राहायची इच्छा आहे आणि १ जूनपासून २४ महिन्यांचा करार करायची तयारी आहे.
>
> घरातली पुढील कामं बाकी आहेत. (१) बाथरूमच्या जमिनीतून बेडरूमच्या भिंतीत झिरपणारं पाणी बंद करणे, २४ मार्चपर्यंत. (२) त्या भिंतीचा सैल गिलावा काढून, भिंत वाळल्यावर नवा गिलावा करणे, १४ एप्रिलपर्यंत. (३) बैठकीच्या खोलीतल्या खिडकीचं तावदान आणि चाकं बदलणे, १४ एप्रिलपर्यंत. फोटो सोबत जोडले आहेत.
>
> याशिवाय दोन्ही बेडरूम आणि बैठकीची खोली, भिंती व छतासह, पुट्टीने डागडुजी, प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन हात देऊन रंगवून मिळावी, २३ मेपर्यंत. हे मान्य असल्यास आपण सांगितलेली भाडेवाढ आम्हाला मान्य आहे. ती वरील सर्व कामं पूर्ण झाल्यानंतरच्या महिन्यापासून लागू व्हावी.
>
> आपला निर्णय १४ मार्चपर्यंत लेखी कळवावा, ही विनंती.

या पत्रात पहिल्या तीन कामांपुढे "केल्यास" हा शब्द कुठेच नाही. ती देणं म्हणून मांडली आहेत. अट फक्त रंगाला आणि भाडेवाढीला जोडली आहे. मालकाचं उत्तर आल्यावर ही यादी नव्या करारपत्राला परिशिष्ट म्हणून जोडायची आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. करारात "सोबतच्या परिशिष्टातील कामं" असा उल्लेख नसेल तर परिशिष्ट म्हणजे नुसता सुटा कागद. बऱ्याच करारांत शेवटी असंही एक वाक्य असतं की या कागदाबाहेरचं कोणतंही बोलणं किंवा पत्र धरलं जाणार नाही. ते वाक्य असेल तर तुमचं आधीचं पत्र आणि मालकाचा होकार, दोन्ही त्याच क्षणी बाद होतात.

"तुम्ही गेल्यावर रंग लावेन, आत्ता कशाला?"

ही मालकाची सर्वांत रास्त हरकत आहे. रिकामं घर रंगवणं सोपं आणि स्वस्त असतं. सामान हलवावं लागत नाही, रंगारी सगळ्या खोल्यांत एकाच वेळी काम करतो.

उत्तर त्याच्याच हिशोबातून द्या. समजा घर रंगवायला एका महिन्याच्या भाड्याइतका खर्च येतो. तुम्ही घर सोडलंत तर हा खर्च त्याला तेव्हाही करावाच लागणार. वर घर एक महिना रिकामं राहिलं तर आणखी एका महिन्याचं भाडं गेलं, दलाली वेगळी. म्हणजे तुम्हाला ठेवून रंगवलं तर एक भाडं, घालवून रंगवलं तर दोन भाड्यांच्या वर. त्यात तुम्ही २४ महिने राहणार असाल तर रंगाचा खर्च महिन्याला भाड्याच्या चार टक्क्यांच्या आसपास पडतो. पाच टक्के भाडेवाढ मान्य केलीत तर तो तेवढ्यातच निघून येतो. बारा महिन्यांच्या करारावर मात्र हेच गणित महिन्याला आठ टक्क्यांवर जातं आणि मालकाला ते पटत नाही. म्हणून रंग हवा असेल तर लांब मुदत द्यायची तयारी ठेवा. घर वर्षभरात सोडायचा विचार असेल तर रंगाचा आग्रह धरू नका, फक्त दुरुस्त्या मागा.

सामान हलवण्याची अडचण खरी आहे, ती तुम्ही उचलू शकता. "खोली आम्ही रिकामी करून देऊ, एका वेळी एक" हे वाक्य पत्रात घातलं की निम्मा विरोध मावळतो.

"मीच करून घेतो आणि भाड्यातून कापतो" चालेल का?

परस्पर नाही. कापलेलं भाडं म्हणजे थकवलेलं भाडं असं मालक म्हणू शकतो, आणि भाडं थकवणं हे घर खाली करायला लावण्याचं सर्वांत सोपं कारण असतं. काही ठिकाणचे कायदे ठरावीक दुरुस्तीपुरती अशी मुभा देतात, पण त्यातही आधी लेखी कळवणं आणि वाट पाहणं हे टप्पे असतात.

हा मार्ग हवाच असेल तर करारात तसं कलम घाला. ठरल्या तारखेनंतर पंधरा दिवसांत काम झालं नाही तर भाडेकरूने दोन दरपत्रकं मालकाला पाठवायची, त्यातल्या कमी दराने काम करून घ्यायचं आणि पावती जोडून तेवढी रक्कम भाड्यातून वळती करायची. त्याला वरची मर्यादाही घाला, उदाहरणार्थ एका महिन्याचं भाडं. मर्यादा नसलेलं कलम मालक सहसा मान्य करत नाही. वॉटरप्रूफिंग आणि भिंतीतल्या पाइपांना यातून वगळा. ते काम बिघडलं तर जबाबदारी तुमच्या गळ्यात येते.

काम झालं म्हणजे नेमकं काय झालं

रंगकामात सर्वांत जास्त चोरी होते ती हातांत. दोन हात ठरलेले असतात, दिला जातो एक, तोही पाणी घालून पातळ केलेला. हे ओळखायला रंगकामातलं ज्ञान लागत नाही, साधा गुणाकार पुरतो. तीन बाय चार मीटरची खोली, उंची तीन मीटर. चारही भिंती मिळून ४२ चौरस मीटर. दार-खिडकीचे चार वजा केले की ३८. त्यात छताचे १२ मिळवले की ५०. दोन हात म्हणजे १०० चौरस मीटर. एक लिटर इमल्शन एका हातात साधारण दहा चौरस मीटर जातं, नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो. तेव्हा या खोलीला दहा लिटरच्या आसपास रंग लागतो. रंगारी चार लिटरचा एक डबा घेऊन आला आणि "पुरेल" म्हणाला तर काम सुरू होण्याआधीच विचारा.

दुसरी खूण घासण्याची. जुना रंग नीट खरवडून, पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसूनच पुट्टी आणि प्रायमर लावायचा असतो. सुटत आलेल्या रंगावर नवा चढवला तर नवा रंग जुन्यासकट सुटतो. रंग झाल्यावर आठवड्याने एखाद्या कोपऱ्यात चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा आला तर खालची तयारी झालेलीच नाही.

ओल्या भिंतीसाठी प्लास्टिकची तीच चाचणी रंगाआधी पुन्हा एकदा करा. थेंब दिसले तर रंगाऱ्याला दुसऱ्या खोलीत पाठवा आणि मालकाला फोटो.

अनामत रकमेची गाठ इथेच सोडवा

नवा करार झाला तरी घराच्या स्थितीची नोंद बहुधा जुनीच राहते, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाची. आता घर नव्याने रंगवलेलं आहे. दोन वर्षांनी निघताना मालक म्हणेल, "मी कोरा करकरीत रंग लावून दिला होता, हे डाग कसले?" आणि अनामत रकमेतून पुन्हा सगळ्या घराच्या रंगाचे पैसे मागेल.

यावर दोन गोष्टी पुरतात. काम संपल्यावर दोघांनी एकत्र घर बघून, खोलीवार तारखेसह फोटो काढून, त्या यादीवर सह्या कराव्यात. तीच नव्या कराराची स्थितीनोंद. आणि करारात एक ओळ असावी की साध्या वापराने होणारी झीज, रंगाचं फिकं पडणं आणि भिंतीतल्या ओलीने होणारं नुकसान भाडेकरूच्या अनामत रकमेतून वळतं केलं जाणार नाही. शेवटचा भाग मुद्दाम लिहा. बाथरूमची जमीन पुन्हा झिरपू लागली तर फुगलेल्या रंगाचं बिल तुमच्या नावावर फाटायला नको.